जुन्या दाव्याचे चार कागद

कापडी पिशवीतून कागद बाहेर येतात तेव्हा सगळ्यात वर सातबारा असतो. त्याखाली फेरफाराच्या नकला, मोजणीचा नकाशा, कधीकाळी तहसीलदारांना दिलेला अर्ज आणि त्या अर्जाची पोच. कोर्टाच्या निकालाची प्रत असलीच तर ती पार तळाशी, घड्यांवर फाटलेली, शेवटचं पान गळालेली. प्रश्नही ठरलेला असतो. "वकीलबाई, वडलांनी दावा लावला होता, तो फेटाळला. आता नवी मोजणी झालीय, नकाशा आपल्या बाजूनं आहे. परत केस टाकता येईल ना?"

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात वकिली करताना हा प्रश्न मी कितीदा ऐकला असेल, त्याची गणती नाही. तरी त्याचं उत्तर मी कधीच तिथल्या तिथे देत नाही. सातबारा आणि नकाशा बाजूला ठेवते आणि जुन्या दाव्याचे चार कागद मागते: वादपत्र, कैफियत, न्यायाधीशांनी काढलेले मुद्दे आणि निकालपत्र. हे चार कागद हातात आल्याशिवाय नवा दावा चालेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. का ते सांगायचं तर आधी तो नियम नेमका काय म्हणतो, हे पाहायला हवं.

कायद्यात या नियमाला रेस ज्युडिकेटा हे लॅटिन नाव आहे, म्हणजे निवाडा होऊन गेलेली गोष्ट. मराठीत त्याला प्राङ्न्याय म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या कलम ११ मध्ये तो लिहिलेला आहे. एखादा मुद्दा आधीच्या दाव्यात त्याच पक्षकारांमध्ये प्रत्यक्ष आणि मुख्यतः वादात असेल, तो ठरवायचा अधिकार असलेल्या कोर्टाने दोन्ही बाजू ऐकून त्याचा अखेरचा निर्णय दिला असेल, तर तोच मुद्दा पुढच्या दाव्यात कोणत्याही कोर्टाने पुन्हा चालवू नये, असा त्याचा आशय. गावात मात्र तो "एकदा केस हरली की परत करता येत नाही" एवढाच पोचलेला असतो. हे अर्धंच खरं आहे. बंदी भांडणावर नाही, मुद्द्यावर आहे. एकाच बांधावरून दोन घरांत पन्नास वर्षं भांडण चालू शकतं आणि त्यातला दुसरा दावा अगदी कायदेशीर असू शकतो. उलट वरवर संपूर्ण वेगळा दिसणारा दावा पहिल्याच पायरीवर अडकू शकतो.

समजा, दोन चुलत घरं आहेत. दोघांच्या गटांच्या मधे आठ गुंठ्यांची एक पट्टी आहे, तिच्यात एक जुनी विहीर आणि दोन आंबे. आजोबांच्या वेळी तोंडी वाटप झालं, कागद झाला नाही. २००४ साली थोरल्या घरच्या माणसाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दावा लावला. वादपत्रात लिहिलं की वाटपात पट्टी माझ्या वडलांकडे आली, मी मालक आहे, वहिवाट माझी आहे, प्रतिवादी विहिरीवर मोटर बसवायला येतो, म्हणून त्याला निरंतर मनाई करावी. धाकट्या घरच्या माणसाने कैफियत दिली: वादीची मालकी खोटी, वहिवाट खोटी, पट्टी वाटपात आमच्याकडे आली. न्यायाधीशांनी मुद्दे काढले. वादी पट्टीचा मालक आहे, हे तो शाबीत करतो का? दाव्याच्या तारखेला त्याची वहिवाट होती का? प्रतिवादीने हरकत केली का? मनाई मिळायला वादी पात्र आहे का? दोन्हीकडचे साक्षीदार तपासले गेले, वाटपाच्या वेळी हजर असलेले दोन वृद्ध पिंजऱ्यात येऊन गेले. २००९ साली निकाल लागला. मालकी शाबीत नाही, वहिवाट शाबीत नाही, दावा खर्चासह नामंजूर. जिल्हा न्यायालयातलं अपीलही २०१३ साली फेटाळलं गेलं. त्यापुढे कुणी गेलं नाही.

वादी वारला. २०२२ साली त्याचा मुलगा नवा दावा लावतो. या वेळी मनाई मागत नाही. पट्टीचा मालक मी आहे असं जाहीर करून मिळावं आणि ताबा मिळावा, अशी मागणी करतो. प्रतिवादी म्हणून जुन्या प्रतिवादीबरोबर त्याच्या दोन मुलांची नावं घालतो. सोबत भूमी अभिलेख कार्यालयाची हद्दकायम मोजणी जोडतो. दाव्याचा नंबर नवा, मागणी नवी, वादी नवा, पुरावा नवा. त्याच्या मते हा दावा वेगळा आहे.

एकेक गोष्ट पाहू. वादी नवा आहे हे खरं, पण त्याचा हक्क वडलांकडून आलेला आहे. वडलांना जो निकाल बांधतो, तो त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्या मुलालाही बांधतो. प्रतिवादीच्या मुलांचंही तेच. मागणी बदलली, त्याने काही होत नाही. कलम ११ मागणीकडे पाहत नाही, मुद्द्याकडे पाहतं, आणि मुद्दा तोच आहे: वाटपात पट्टी कुणाकडे गेली? त्या प्रश्नावर जुन्या दाव्यात मुद्दा निघाला होता, साक्षी झाल्या होत्या, उत्तर मिळालं होतं. राहता राहिली नवी मोजणी. इथे सगळ्यात जास्त माणसं फसतात. पुरावा नवा म्हणजे मुद्दा नवा होत नाही. त्या वेळी कसोशीने शोधूनही जो सापडू शकला नसता असा पुरावा खरोखर हाती लागला, तर त्याला त्याच कोर्टात त्याच निकालाच्या पुनर्विलोकनाचा मार्ग आहे आणि त्याची मुदत तीस दिवस आहे. तेरा वर्षांनी नव्या दाव्यात तो पुरावा आणता येत नाही. शिवाय मोजणी हद्द दाखवते, वाटपात कोणाला काय मिळालं ते सांगत नाही. हा दावा प्राङ्न्यायाच्या आड येतो.

आता या चित्रातली एकच गोष्ट बदलते. समजा २००४ च्या दाव्यात न्यायाधीशांनी मालकीचा मुद्दा काढलाच नाही. फक्त एवढंच विचारलं: दाव्याच्या तारखेला पट्टी कुणाच्या वहिवाटीत होती? वादीची वहिवाट शाबीत झाली नाही म्हणून दावा फेटाळला. निकालपत्राच्या ओघात एक वाक्य आलं की साक्षीपुराव्यावरून पट्टी प्रतिवादीकडे गेली असावी असं दिसतं. धाकट्या घराने ते वाक्य पेनाने अधोरेखित करून तेरा वर्षं जपून ठेवलं. पण त्या वाक्याने मालकीचा प्रश्न मिटत नाही. ते जाता जाता दिलेलं मत आहे. निकाल उभा राहिला तो वहिवाटीच्या उत्तरावर. मालकीबद्दलचं ते वाक्य काढून टाकलं तरी निकाल तसाच उभा राहतो, यावरून हे ओळखायचं. अशा वेळी मुलाचा मालकीचा दावा चालू शकतो आणि जुना निकाल फक्त वहिवाटीपुरता आडवा येतो.

सर्वोच्च न्यायालयाने मनाईच्या दाव्यांबाबत हाच भेद पुन्हा पुन्हा सांगितला आहे. मनाईच्या दाव्यात मालकी ठरवल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं, त्यावर मुद्दा निघाला, दोन्ही बाजू त्यावर लढल्या, तर मालकीबद्दलचा निष्कर्ष पुढे बांधतो. मालकीचा उल्लेख केवळ वहिवाटीच्या संदर्भात आला असेल, तर बांधत नाही. आपल्याकडे शेतीचे बहुसंख्य दावे मनाईचेच असतात. कोर्ट फी कमी लागते आणि तातडीचा हुकूम मिळण्याची आशा असते, म्हणून माणसं आधी मनाईच मागतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या तालुका कोर्टांत प्राङ्न्यायाची खरी लढाई याच एका भेदावर होते. आणि तो भेद निकालाच्या शेवटच्या ओळीत सापडत नाही. "दावा नामंजूर" ही ओळ दोन्ही निकालांत सारखीच असते. तो सापडतो मुद्द्यांच्या कागदावर. म्हणून मी चारही कागद मागते.

आणखी एक गोष्ट. वादी मालक नाही असं ठरलं म्हणजे प्रतिवादी मालक ठरला, असं नाही. कोर्टाने वादीला विचारलं होतं, प्रतिवादीला नव्हतं. जिंकलेल्या घरात पुष्कळदा हा गैरसमज पिढीभर टिकतो. मग पुढे जमीन विकायची वेळ येते, खरेदीदाराचा वकील निकाल वाचतो आणि म्हणतो, यात तुमची मालकी कुठेच ठरलेली नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मी पाहिला आहे. निकालातून एवढंच मिळालं होतं की या वादीने या पट्टीवर पुन्हा हक्क सांगायचा नाही.

हा नियम इंग्रजांनी आणला, असं आपण सहज म्हणतो. कलम त्यांच्या काळातलं आहे, विचार त्याहून फार जुना आहे. स्मृतिग्रंथांत प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत. आरोप नाकारणं, कबूल करणं, कबूल करून वेगळं कारण दाखवणं, आणि चौथं प्राङ्न्याय: याच वादात मी याला पूर्वी हरवलेलं आहे, असं सांगणं. असं उत्तर देणाऱ्यावर ते शाबीत करायची जबाबदारी असे आणि त्यासाठी जयपत्र दाखवावं लागे. १९१६ साली प्रिव्ही कौन्सिलसमोर बिहारातलं एक मृत्युपत्राचं प्रकरण आलं. निकाल लिहिला सर लॉरेन्स जेन्किन्स यांनी, जे त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. हा नियम इंग्रजी उगमाचा वाटला तरी विज्ञानेश्वर आणि नीलकंठ या दोघांनी कात्यायनाच्या आधारे पूर्वीच्या निवाड्याचं उत्तर मान्य केलं आहे, असं त्यांनी त्यात नोंदवलं. विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि नीलकंठाचा व्यवहारमयूख हे मुंबई इलाख्यातल्या कोर्टांत हिंदू कायद्यासाठी रोज उघडले जाणारे ग्रंथ होते. ते ज्याच्या हाताखालून वर्षानुवर्षं गेले, त्याच न्यायाधीशाला लंडनमध्ये त्यांची आठवण झाली, याचा मला आनंद वाटतो.

मराठेशाहीतल्या वतनाच्या वादांत तर याची आणखी एक पद्धत होती. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांवरून गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई. जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे. आणि हरणाऱ्याकडून येजितखत लिहून घेतलं जाई: आपण हरलो, या वतनावर आपला किंवा आपल्या वंशजांचा हक्क नाही, पुन्हा याचा कथला करणार नाही, अशा अर्थाचा कागद. आज हुकूमनामा कोर्ट लिहितं आणि हरलेल्या माणसाची सही त्यावर नसते. तेव्हा हरलेल्याच्याच तोंडून आणि हातून वाद संपवला जाई. तरीही वतनांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या उकरले गेले. राज्य बदललं, की जुना निवाडा पुन्हा नव्या दरबारात नेला जाई. निवाडा टिकायला तो देणारी सत्ता आणि पुढची सत्ता या दोघींनी तो मानावा लागतो. कलम ११ ने आज केलंय ते हेच. ते पक्षकारांना उद्देशून नाही, कोर्टांना उद्देशून आहे. कोर्टाने असा मुद्दा चालवू नये, असं ते म्हणतं.

इथवर आपण पाहिलं ते प्रत्यक्ष विचारलेल्या आणि उत्तर मिळालेल्या प्रश्नाबद्दल. पण जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचं काय? पहिल्या दाव्यात एक कारण सांगितलं, हरलो, मग दुसरं कारण घेऊन आलो, असं चालेल का? कलम ११ च्या चौथ्या स्पष्टीकरणात याचं उत्तर आहे. जो बचाव किंवा जो आधार पहिल्या वेळी मांडता आला असता आणि मांडायला हवा होता, तो मांडला गेला आणि ठरला, असंच धरायचं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९७७ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात आहे. उत्तर प्रदेशातल्या एका पोलीस उपनिरीक्षकाला नोकरीतून काढलं गेलं. काढण्याचा हुकूम पोलीस उपमहानिरीक्षकांचा होता. त्याने उच्च न्यायालयात रिट अर्ज केला. म्हणणं असं की, मला माझी बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. अर्ज फेटाळला गेला. मग त्याने दिवाणी दावा लावला. या वेळी म्हणाला, माझी नेमणूक महानिरीक्षकांनी केली होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ नुसार नेमणूक करणाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याला मला काढता येत नाही, म्हणून हुकूमच बेकायदा आहे. मुद्दा भक्कम होता. उच्च न्यायालयाने तो मान्य करून त्याच्या बाजूने हुकूमनामा दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. कारण नेमणूक कुणी केली हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रिट अर्जात ते सांगता आलं असतं, सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, तेव्हा तो दरवाजा बंद.

हा निकाल मी वाचते तेव्हा मला दरवेळी त्या माणसाबद्दल हळहळ वाटते. बरोबर असलेला मुद्दा त्याच्या खिशात होता, फक्त तो एका वर्षी काढायचा राहिला. पण वादपत्राचा मसुदा करताना मी याच निकालामुळे दोन दिवस जास्त घेते. पक्षकाराला विचारते, आणखी काय आहे? या जमिनीबद्दल, या वाटपाबद्दल, या माणसाबद्दल तुम्ही मला अजून काय सांगितलं नाहीत? लोक वैतागतात. त्यांना वाटतं, एकदा दावा दाखल तर करा, बाकीचं पुढे बघू. दुरुस्तीला जागा असते हे खरं, पण ती त्याच दाव्यात, तो चालू असताना. निकालानंतर नाही.

निकाल चुकीचा असला तर? हा प्रश्न सगळ्यात जास्त रागाने विचारला जातो, आणि राग रास्त असतो. न्यायाधीशाने साक्षीदारावर विश्वास ठेवला, तो साक्षीदार खोटं बोलत होता, सगळ्या गावाला माहीत आहे. तरीही तो निकाल बांधतो. चुकीचा निकाल सुधारायची जागा अपील आहे. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात तीस दिवसांत, उच्च न्यायालयात जायचं असेल तर नव्वद दिवसांत. निकाल चुकीचा आहे एवढ्यावर तो पुन्हा उघडता आला असता, तर हरलेल्या प्रत्येकाला तो चुकीचाच वाटतो, आणि कुठलाच निकाल अखेरचा झाला नसता. मला हे पटतं, कारण माझ्यासमोर नेहमी दोन माणसं असतात. एक पुन्हा लढू पाहणारा. दुसरा तो, जो नऊ वर्षं तारखांना आला, सकाळच्या एसटीने, भाकरी बांधून, कापूस वेचणीच्या दिवसांतही, आणि जिंकून घरी गेला. त्याच्या दारात बेलीफ नवा समन्स घेऊन उभा राहतो तेव्हा त्याने पहिल्यांदा काय मिळवलं होतं?

पण या नियमालाही मर्यादा आहे, आणि ती दाखवणारं प्रकरण मुंबईचंच आहे. तेव्हाच्या बोरिवली तालुक्यातल्या पहाडी गावची एक मोकळी जमीन बांधकामासाठी भाडेपट्ट्याने दिली होती. भाडेकरूने त्यावर इमारती बांधल्या आणि मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ खाली जमिनीचं प्रमाण भाडं ठरवून मिळावं, असा अर्ज बोरिवलीच्या कोर्टात केला. कोर्ट म्हणालं, बांधकामासाठी दिलेल्या मोकळ्या जमिनीला हा कायदा लागूच नाही. उच्च न्यायालयानेही ते कायम केलं. पुढे दुसऱ्याच एका प्रकरणात उच्च न्यायालयाने नेमकं उलट ठरवलं: अशा जमिनीला कायदा लागू आहे. भाडेकरूने मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पुन्हा अर्ज केला. मालकीणबाईंनी प्राङ्न्यायाचा आक्षेप घेतला आणि खालच्या सगळ्या कोर्टांनी तो मानला. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र भाडेकरूचं ऐकलं. त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. दोन माणसांमध्ये काय घडलं, याबद्दलचं उत्तर चुकलं तरी ते त्यांना बांधतं. पण एखादा कायदा लागू होतो की नाही, कोर्टाला अधिकार आहे की नाही, या शुद्ध कायद्याच्या प्रश्नाचं चुकीचं उत्तर त्या दोघांपुरता कायमचा कायदा होऊ शकत नाही. तसं झालं असतं तर शेजारच्या प्लॉटवरच्या भाडेकरूला भाडे कायद्याचं संरक्षण आणि या एकट्याला जन्मभर नाही, अशी स्थिती झाली असती.

फसवणुकीने मिळवलेला हुकूमनामाही बांधत नाही. इथे फसवणूक म्हणजे साक्षीदार खोटं बोलला, एवढं नव्हे. ज्या कागदाने आपला स्वतःचा दावा संपतो तो कागद कोर्टापासून जाणूनबुजून दडवणं, अशा प्रकारची. हक्कसोड लिहून दिलेली असताना ती लपवून वाटपाचा हुकूमनामा मिळवणाऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली फार कडक शब्द वापरले होते आणि तो हुकूमनामा शून्यवत ठरवला होता. लोक हा अपवाद ऐकतात आणि प्रत्येक हरलेल्या दाव्यात फसवणूक शोधतात. बहुतेक वेळा तिथे फसवणूक नसते, कच्ची साक्ष असते.

व्यवहारात मात्र याहून साध्या जागी माणसं अडकतात. दावा तारखेला गैरहजर राहिल्यामुळे काढून टाकला गेला, तर मुद्द्यांवर निर्णय झालेला नसतो, म्हणून तो प्राङ्न्याय नव्हे. म्हणून नवा दावा टाकायला मोकळे, असं लोक समजतात. पण प्रतिवादी हजर आणि वादी गैरहजर असताना दावा गेला, तर त्याच कारणावर नवा दावा लावायला संहितेतच वेगळी बंदी आहे. जुना दावा पुन्हा नंबरावर घ्यावा असा अर्ज तीस दिवसांत करायचा, हा सरळ मार्ग. दावा स्वतःहून काढून घेतला आणि नव्याने लावायची परवानगी कोर्टाकडून घेतली नाही, तरीही तसंच.

दुसरी जागा आणखी फसवी आहे. दोन घरांनी एकमेकांवर दावे लावलेले असतात आणि कोर्ट दोन्ही एकत्र चालवतं. निकालपत्र एकच असतं, हुकूमनामे दोन. हरलेला माणूस निकालपत्राला जिल्हा न्यायालयात एक अपील करतो आणि दुसऱ्या हुकूमनाम्याला हात लावत नाही. त्या दुसऱ्या हुकूमनाम्याची मुदत गेली की तो अखेरचा होतो, आणि ज्या मुद्द्यावर त्याचं अपील चालू आहे, त्याच मुद्द्यावर तो आडवा येतो. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे चार दाव्यांच्या एका प्रकरणात असंच झालं होतं. काही अपिलं मुदत टळल्यामुळे आणि कागद न छापल्यामुळे गेली, आणि त्यांनी उरलेल्या अपिलांचाही शेवट केला. त्यामुळे एकत्रित निकाल लागला की मी निकालपत्र वाचायच्या आधी हुकूमनामे मोजते.

आणि हे सगळं आपोआप होत नाही. जुना निकाल आपल्या बाजूने आहे म्हणून प्रतिवादी घरी निवांत बसला, कैफियतीत आक्षेप घेतलाच नाही, तर तो सोडून दिला असं धरलं जातं आणि दुसरा दावा रीतसर चालून उलटा निकालही लागू शकतो. आक्षेप घेतला तरी नुसतं निकालपत्र दाखवून भागत नाही. काय वादात होतं हे कळायला वादपत्र आणि कैफियत लागते, काय विचारलं गेलं हे कळायला मुद्दे लागतात. याच कारणामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बेळगावच्या एका मिळकतीच्या प्रकरणात सांगितलं की, नुसतं नवं वादपत्र वाचून प्राङ्न्यायाच्या कारणाने दावा पहिल्याच दिवशी नाकारता येत नाही. जुन्या दाव्याचे कागद पुराव्यात यावे लागतात. तोवर प्रतिवादीला हजर राहावंच लागतं.

अडचण अशी की ते कागद कायम राहत नाहीत. निकाली दाव्यांतले पुष्कळ कागद ठराविक वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट केले जातात. घरातली प्रत वाळवीने खाल्लेली असते, जुने वकील वारलेले असतात, दाव्याचा नंबर कुणालाच आठवत नाही. अपील झालं असेल तर जिल्हा न्यायालयाच्या निकालात खालच्या कोर्टाचे मुद्दे पुष्कळदा उतरवून घेतलेले असतात, म्हणून मी अपिलाचा नंबरही विचारते. कधी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा फेरफारात दाव्याचा नंबर आणि साल सापडतं.

पिशवी घेऊन आलेल्या त्या माणसाला मी परत केस टाकता येईल की नाही, हे सांगत नाही. एका चिठ्ठीवर चार कागदांची नावं लिहून देते आणि नक्कल विभागात अर्ज कसा करायचा ते सांगते. तिकिटं आणि आगाऊ फी किती लागेल ते सांगते. सातबारा तो पुन्हा पिशवीत घालायला लागतो, तेव्हा मी त्याला थांबवते आणि फेरफाराच्या नोंदींमध्ये बोट फिरवत जुन्या दाव्याचा नंबर शोधायला लागते.